बीमच्या रिंगची कटिंग लेंथ : १२२४ की १२९०?

नवी_साईट

बीम २३० × ४५०, कव्हर २५, रिंग ८ मिमीची, सळई एफई ५०० डी. ड्रॉइंगवर हूक १३५ अंशांचा दाखवलाय आणि खाली टीप आहे की हुकाचं सरळ टोक ६ डी किंवा ६५ मिमी, जे जास्त असेल ते.

बीबीएसच्या एक्सेलमध्ये आधीपासून एक सूत्र बसवलेलं आहे, तेच वापरलं. रिंगचं बाहेरून माप १८० × ४००. दोन हूक १० डी प्रमाणे, ९० अंशांची तीन वळणं प्रत्येकी २ डी वजा, १३५ ची दोन वळणं प्रत्येकी ३ डी वजा.

२ × (१८० + ४००) + १६० − ४८ − ४८ = १२२४

१२२४ ने तुकडे कापून फिटरकडे दिले. रिंग बाहेरून बरोबर १८० × ४०० आली, पण हुकाचं सरळ टोक टेपला ३२ ते ३५ च भरतंय. फिटर म्हणतो, "साहेब, १२९० द्या, तेव्हा हूक बसेल." त्याचं म्हणणं अनुभवाचं असेल, पण मला आकडा कुठून आला ते दाखवावं लागणार आहे. चूक सूत्रात आहे की त्याच्या वळणात? वाकवायची पिन ३२ मिमीची आहे, मीच मोजली.

---

रेखांश

मूळ चूक दिसतेय. बाहेरची मापं घ्यायचीच नाहीत, सळईची मध्यरेषा धरायची. म्हणजे १८० ऐवजी १७२ आणि ४०० ऐवजी ३९२. सळई वाकवली की ती लांबते, म्हणून वळणाचे २ डी आणि ३ डी वजा करतात. त्यामुळे:

२ × (१७२ + ३९२) + १६० − ९६ = ११९२

म्हणजे तुमचं उत्तर ३२ मिमी जास्तच आलंय. फिटर लोक नेहमी जास्त मागतात, त्यावर जाऊ नका. वळण नीट मारायला सांगा.

---

नवी_साईट

रेखांश, १२२४ मध्ये टोक ३४ येतंय. ११९२ दिले तर ते आणखी कमी होईल ना? रिंगचं बाहेरचं माप तर बरोबर आहे, ते कुठे पळणार?

---

मोजपट्टी

नवी_साईट, तुमचा प्रश्न बरोबर आणि फिटरही बरोबर. सूत्र पाठ असलं की ते कोणत्या मापाला लावायचं हे विसरायला होतं, तसं इथे झालंय. थोडी भूमिती करू, एकदाच.

आधी ९० चं वळण. पिन ३२ ची म्हणजे आतली त्रिज्या १६, म्हणजे २ डी. बाहेरून माप घेताना टेप कोपऱ्याच्या काल्पनिक टोकापर्यंत जाते, सळई मात्र तिथपर्यंत जात नाही, ती गोलाई घेऊन वळते. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना ३ डी, ३ डी असे मिळून ६ डी टेपवर मोजले गेले. प्रत्यक्षात त्या भागात मध्यरेषेवर सळई लागली ती पाव वर्तुळाएवढी, त्रिज्या २.५ डी, म्हणजे ३.९३ डी. फरक २.०७ डी. हेच ते प्रसिद्ध "२ डी". म्हणजे हा नियम बाहेरच्या मापाचा आहे, आणि आतली त्रिज्या २ डी असेल तेव्हाचा आहे.

आता रेखांश म्हणतात तशी मध्यरेषा धरली, तर टेप कोपऱ्याशी दोन्ही बाजूंना २.५ डीच जाते, एकूण ५ डी. लागलेली सळई तीच ३.९३ डी. फरक १.०७ डी. म्हणजे मध्यरेषा धरायची असेल तर एका कोपऱ्याला १ डी वजा, २ डी नाही. मध्यरेषा घेताना चार बाजूंत मिळून एकदा ३२ मिमी कापले, आणि वर बाहेरच्या मापाची वजावट पुन्हा लावली. खिसा दोनदा कापला गेला.

आता हूक. तुमचं टोक तिथेच गेलंय. १३५ अंशांचं वळण मध्यरेषेवर मोजलं तर २.३५६ × २.५ डी, म्हणजे ५.८९ डी सळई खातं. रिंगचं बाहेरचं माप त्यातलं फक्त ३ डी मोजतं, कारण हूक कोपऱ्याची सगळ्यात बाहेरची बाजू गाठून आत वळतो. म्हणजे बाहेरच्या मापात न आलेली २.८९ डी सळई वळणातच लागते, आणि त्याच्या पुढे सरळ टोक. हुकाच्या वळणाला काही वजा करायचं नसतं, २.८९ डी मिळवायचं असतं.

तुमच्या रिंगला:

बाहेरचा घेर ११६०
तीन कोपरे, वजा ३ × १६.६ = ५०
दोन हूक, अधिक २ × (२३ + ६५) = १७६

एकूण १२८६. फिटरचे १२९० यातूनच आलेत, फक्त त्याने कागद वापरला नाही.

उलट तपासून बघा. १२२४ मधून ११६० गेले, ५० परत मिळवले, उरले ११४. दोन हुकांत वाटले तर ५७. त्यातले २३ वळणात गेले, टोकाला ३४ राहिले. तुमच्या टेपने जे दाखवलं तेच. आणि ११९२ ला टोक १८ मिमी उरेल, बोटाच्या पेराएवढंही नाही.

---

रेखांश

भूमिती मान्य. पण सळई वाकवल्यावर लांबते हे तर कोणत्याही साईटवर ऐकायला मिळेल. तुकडा वाकवून बाहेरून मोजा, जोडलेली बेरीज मूळ तुकड्यापेक्षा जास्तच येते.

---

मोजपट्टी

बेरीज जास्त येते हे अगदी खरं. पण ती सळई लांबल्यामुळे नाही, टेपने कोपऱ्यातली हवासुद्धा मोजली म्हणून. वळणात सळईची बाहेरची कड ताणली जाते, आतली दबते, मधली रेषा जवळपास आहे तेवढीच राहते. अगदी बारकाईने पाहिलं तर न ताणलेली रेषा मध्यापासून थोडी आत सरकते, पण ८ मिमीच्या रिंगला तो फरक कापणीच्या खडूच्या रेघेत बुडून जातो.

हा फरक डोक्यात असला की एक गोष्ट सुटते: वजावट त्रिज्येवर अवलंबून आहे, पोलादाच्या स्वभावावर नाही. पिन १६ ची लावली तर ९० च्या वळणाची वजावट १.६४ डी होते, आणि हुकाचं वळणही छोटं होऊन २.८९ ऐवजी १.५३ डीच मिळवावे लागतात. तीच रिंग मग १२७५ मध्ये बसते. अर्थात पिन बारीक करून सळई वाचवायची सूचना मी करत नाहीये. तीव्र वळणात रिबच्या मुळाशी चीर जाण्याचा धोका असतो. वळणाच्या पाठीवर नख फिरवून बघा, आडवी रेघ लागली तर पिन बदला.

---

कोकणचा_माणूस

आमच्या रत्नागिरीकडच्या घराचं काम चालू आहे, समुद्र जवळच. बीम हाच २३० × ४५०. ठेकेदार रिंगा सहा इंचांवर लावतोय, शेजारच्या साईटवर चार इंचांवर आहेत. कोण बरोबर? आणि रिंग तिथेही १८० × ४०० च करायची ना? वरचा हिशोब वाचला पण निम्मा डोक्यावरून गेला.

---

सळईवाला

दादा, इथे चर्चा रिंग किती लांब कापायची याची आहे, किती अंतरावर लावायची याची नाही. तरी सांगतो. दोन्ही बरोबर असू शकतात. भूकंपाच्या नियमाने केलेल्या बीममध्ये कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत रिंगा दाट लागतात, २३० × ४५० ला १०० मिमीवर, म्हणजे तुमचे चार इंच. पहिली रिंग कॉलमच्या तोंडापासून ५० च्या आत. मधल्या भागात अंतर वाढतं, तिथे सहा इंच चालतात. ठेकेदार टोकापासून टोकापर्यंत सहावरच जात असेल तर ड्रॉइंग उघडून दाखवा.

दुसरा प्रश्न मात्र या धाग्याचाच आहे आणि महत्त्वाचा आहे. समुद्राच्या हवेला उघड्या असलेल्या बीमला कव्हर २५ पुरत नाही, आयएस ४५६ मध्ये तसल्या जागी ४५ दिलंय, आणि ते रिंगच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं. मग रिंग बाहेरून १४० × ३६० होते. घेर १०००, अधिक १२६, म्हणजे ११२६. तुमच्या ठेकेदाराने जुन्या सवयीने १८० × ४०० केली असेल, तर कव्हर ब्लॉक ४५ चे आणले तरी शटरमध्ये बसणार नाहीत. मग तो ब्लॉक फोडून बारीक करेल. साईटवर फोडलेले ब्लॉक दिसले तर आधी रिंगचं माप घ्या.

---

कोकणचा_माणूस

ब्लॉक तर सिमेंटचे घरीच पाडलेत, एका ताटात थापून. उद्या जाऊन मोजतो. हा १२६ चा आकडा कुठून आणला?

---

सळईवाला

मोजपट्टींच्या हिशोबातलाच आहे, फक्त एकत्र केलाय. तीन कोपऱ्यांचे वजा ५०, दोन हुकांचे अधिक १७६, म्हणजे घेर अधिक १२६. रिंग केवढीही असो, ८ ची सळई, ३२ ची पिन आणि ६५ चं टोक असेल तर हा आकडा बदलत नाही. गंमत म्हणजे १० मिमीची रिंग, ४० ची पिन घेतली तरी १२६ च्याच आसपास येतो, कारण ६ डी म्हणजे ६० होतात आणि किमान ६५ चा नियम तिथेही लागतो. कोपऱ्यांत जे जास्त वजा होतं ते हुकाच्या वळणात परत मिळतं. १२ च्या रिंगला मात्र ६ डी म्हणजे ७२, तिथे १३९ मिळवा. फिटरला एवढंच सांगायचं: "बाहेरचा घेर, वर सव्वाशे." तो विसरत नाही.

आता साईटवरचं एक गणित, जे कुणी बोलत नाही. सळई १२ मीटरची येते. १२०० चा तुकडा कापला तर बरोबर दहा निघतात, उरत काही नाही. १२९० चे नऊ निघतात आणि ३९० चा तुकडा उरतो. म्हणून लेबर रेटवर काम घेणारा किंवा सळई स्वतःची घालणारा ठेकेदार "चार फूट" म्हणत १२०० वर येतोच. १२०० च्या तुकड्यात ही रिंग केली, तर टोक २२ मिमीचं उरतं. तेवढ्यावर हूक पकडता येत नाही, म्हणून फिटर त्याला ९० लाच सोडतो, नाहीतर रिंगच लहान करतो. रिंगचं माप कमी निघालं तर कटिंगचा तुकडा आधी मोजा, फिटरला नंतर रागवा.

आणि नवी_साईट, तुमच्या १२२४ ला पण एका सळईत नऊच तुकडे निघतात. ९८४ चा तुकडा उरतो, जो या रिंगला कामाचा नाही. म्हणजे १२९० करून तुमची एकही सळई वाढत नाही. साहेबांना हेच आधी सांगा, भूमिती नंतर.

---

नवी_साईट

हे मला सुचलंच नव्हतं. ९८४ मिमीचे तुकडे कोपऱ्यात ढीग लावून पडलेत खरे.

हुकाचं टोक नक्की कुठून मोजायचं? वळण कुठे संपतं ते ८ मिमीच्या रिबवाल्या सळईवर डोळ्याला कळत नाही. मी आणि फिटर एकाच हुकावर वेगवेगळे आकडे काढतो.

---

सळईवाला

वळणाच्या पाठीपासून टोकापर्यंत मोजा, हुकाच्या सरळ भागाला समांतर टेप धरून. पाठ म्हणजे हूक जिथून सगळ्यात मागे फुगलेला असतो ती कड. ३२ च्या पिनवर पाठ ते वळण संपण्याची जागा हे अंतर ३ डी, म्हणजे २४. त्यात ६५ मिळवले की ८९. एक ८९ मिमीची पट्टी कापून खिशात ठेवा, हुकाला लावा, टोक पट्टीच्या आत राहिलं तर हूक आखूड. वाद संपतो.

तुमचा फिटर बहुतेक पाठीपासून मोजत असेल आणि तुम्ही वळणाच्या शेवटापासून.

---

मोजपट्टी

सळईवाल्यांच्या या मोजमापातून जुन्या सूत्राचा उगमही थोडा उलगडतो. हुकाचे १० डी जर पाठीपासून टोकापर्यंतचे धरले, तर सरळ टोक ७ डी उरतं, आणि बाहेरच्या मापात न आलेली सळई २.८९ + ७, म्हणजे जवळपास १० डीच होते. म्हणजे हुकाचे १० डी मिळवा आणि १३५ च्या वळणाचं काहीच वजा करू नका. मग उत्तर ११६० + १६० − ४८ = १२७२, टोक ५७-५८ चं. हे सूत्र आतून सुसंगत आहे. बिघडलं ते ३ डी वजा करण्यात. ४५ ला १, ९० ला २, १३५ ला ३ अशी पायरी ऐकायला छान वाटते, पण हुकाच्या वळणाला ती लागू होत नाही.

---

रेखांश

म्हणजे १२७२ वाल्या रिंगला टोक ५८ चं. ६ डी म्हणजे ४८, त्याहून ते जास्त आहे. मग ६५ चा आग्रह कशाला? आयएस ४५६ मध्ये १३५ च्या वळणापुढे ६ डीच मागितलेत.

---

मोजपट्टी

या वेळी तुमचा मुद्दा बिनचूक. ४५६ मध्ये वळण संपल्यानंतर पुढे ६ डी मागितलेत, आणि ९० चा हूक असेल तर ८ डी. भूकंपाच्या नियमाची सक्ती नसलेल्या बीमला १२७२ पुरेल. पण यांच्या ड्रॉइंगवर ६५ ची टीप आहे, ती आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीतली. १९९३ च्या आवृत्तीत १० डी आणि किमान ७५ होतं, म्हणून जुन्या एक्सेलमध्ये १० डी सापडतात. कुणाच्या ड्रॉइंगवर अजून १० डीची टीप असेल तर सरळ टोक ८० धरा, कटिंग १३१६ होते. तेव्हाही १२ मीटरमध्ये नऊच तुकडे बसतात, पण जेमतेम, १५६ मिमी उरवून.

टोक एवढं लांब का, याचं कारण कापणीच्या हिशोबाबाहेरचं आहे, पण थोडक्यात: जोरात हलल्यावर बीमचं कव्हर फुटून गळतं. ९० चं टोक त्या कव्हरमध्येच पडलेलं असतं, कव्हर गेलं की ते उघडं पडून सुटतं. १३५ चं टोक आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेलं राहतं. ते रुतायला लांबी हवी.

---

हिशोबनीस

मी बिलिंगच्या बाजूने बोलते. आमच्या ऑफिसात जुन्या लोकांचा नियम होता: आतली मापं, अधिक २४ डी. या रिंगची आतली मापं १६४ × ३८४.

२ × (१६४ + ३८४) + १९२ = १२८८

मोजपट्टींच्या १२८६ शी दोन मिलिमीटरने जुळतं. पण हाच नियम कुणी बाहेरच्या मापाला लावला तर १३५२ येतात. मी तसली बिलं पाहिलीत, आणि त्यात हुकाची टोकं ९८ ची निघतात. दोन टोकं वरच्या तीन सळयांच्या मधे आली की काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरची सुई आत जात नाही. म्हणून आकड्यापेक्षा आधी विचारायचं, कोणत्या मापाला लावलंय.

आता माझा प्रश्न. करारात मंजूर झालेल्या बीबीएसमध्ये १२२४ चं सूत्र आहे. साईटवर १२९० कापले. एका रिंगमागे ६६ मिमी, म्हणजे २६ ग्रॅम. शंभर रिंगांना अडीच किलोपेक्षा थोडं जास्त, दहा हजारांना २६० किलो. हे कोणाच्या खात्यात? ठेकेदार म्हणणार सळई लागली, पैसे द्या. क्लायंट म्हणणार मंजूर सूत्राने द्या, बाकी तुमची वेस्टेज.

---

सळईवाला

ताई, रिंगमध्ये घातलेली सळई वेस्टेज कशी? ती बीममध्ये आहे, कोपऱ्यात पडलेली नाही.

---

हिशोबनीस

तुम्ही म्हणता ते न्यायाचं आहे. पण मंजूर शेड्यूलमध्ये आकडा आहे आणि त्यावर सही आहे. सूत्र बदलायचं तर काम सुरू होण्याआधी लेखी बदललं पाहिजे. रिंगा बांधून झाल्यावर कुणी ऐकत नाही. ड्रॉइंगच्या टिपेत ६५ लिहिलंय आणि शेड्यूल त्यापेक्षा कमी देतंय, म्हणजे दोन कागद एकमेकांशी भांडतायत. कोणता वरचा, हे प्रत्येक करारात वेगळं असतं. मी स्वतः दोन्ही बाजूंनी निकाल लागलेला पाहिलाय.

---

नवी_साईट

आज सकाळी नमुन्याची रिंग केली. तुकडा १२८६ न कापता १२९० कापला, खडूच्या रेघेला चार मिमी सोडले. ३२ ची पिन, आधी एक हूक, मग १८०, ४००, १८०, ४००, शेवटी दुसरा हूक. बाहेरून १८१ × ४०२ आली. पाठीपासून टोक एका बाजूला ९१, दुसऱ्या बाजूला ८४.

दुसरं टोक कमी का? पाच मिमीने पडतंय.

---

सळईवाला

बाजू दोन-एक मिमीने मोठ्या आल्या, घेरात सहा मिमी गेले. ते शेवटच्या हुकातूनच वजा होणार, कारण चूक कुठेही झाली तरी ती शेवटच्या टोकात जाऊन साचते. फळीवरचे खिळे मोजा. १८० ची खूण पिनच्या कडेपासून घेतली आहे की मध्यापासून, ते बघा. शिवाय रिबवाली ८ ची सळई रिबवर मोजली तर ९ च्या जवळ जाते, एक मिमी तिथूनही येतो. खिळे एक-एक मिमी आत घ्या, टोकं सारखी होतील. कटिंग वाढवू नका.

आणि कर्ण मोजलेत का? दोन्ही कर्ण सारखे आले तरच रिंग काटकोनात आहे. तिरकी असली तर बाहेरची मापं बरोबर दिसतात पण शटरमध्ये एका बाजूला कव्हर १५ आणि दुसऱ्या बाजूला ३५ होतं.

---

नवी_साईट

कर्णात सहा मिमीचा फरक आहे. खिळे सरकवून पुन्हा करतो. एक शेवटचं: मुख्य सळया वरून सोडायच्या म्हणून फिटर हूक आत्ता ९० लाच ठेवतोय, बांधल्यावर पाईप घालून १३५ ला वळवणार म्हणतो. चालेल?

---

सळईवाला

चालतं, वळवलं तर. अडचण अशी की बीम शटरमध्ये बसल्यावर स्लॅबच्या बाजूला पाईप फिरवायला जागा नसते, आणि हूक ११० च्या आसपास थांबतो. वळवायचं असेल तर बीम शटरवर उचलून घोडीवर ठेवलेला असतानाच, खाली सोडायच्या आधी. पाईपने वळवताना पिन नसते, त्यामुळे गोलाई मोठी होते आणि सरळ टोक थोडं कमी भरतं. तुमचे चार मिमी तिथे कामाला येतील.

दुसरा मार्ग म्हणजे खालच्या सळया आणि रिंगा आधी ओवून घ्यायच्या आणि वरच्या सळया एका टोकाने सरकवायच्या. वेळ जास्त जातो, पण हूक फळीवरच पूर्ण होतो. चार मीटरच्या बीमला मी हेच करायला सांगेन. लांब बीमला, दोन्हीकडे कॉलमच्या सळया उभ्या असताना, ते जमत नाही.

---

कोकणचा_माणूस

मोजून आलो. रिंग १८० × ४०० च आहे, आणि ब्लॉक पंचवीसचे. ठेकेदार म्हणतो सगळीकडे असंच करतात. अजून काँक्रीट पडलेलं नाही. चाळीस रिंगा बांधून झाल्यात.

---

सळईवाला

तुमच्या डिझायनरला आजच फोन करा. काँक्रीट पडायच्या आधी चाळीस रिंगा म्हणजे दीड दिवसाचं काम. आणि नव्या कापून घेणार असाल तर १८० × ४०० च्या जुन्या रिंगा सरळ करून १४० × ३६० ला वाकवू नका, एकदा वाकलेली जागा पुन्हा सरळ करून वाकवली की तिथेच तुटते. त्या घरातल्या आतल्या, प्लास्टरखालच्या बीमला चालतात का, तेही डिझायनरलाच विचारा.

---

रेखांश

मोजपट्टी, एक्सेलमध्ये मध्यरेषा आणि १ डी असं सूत्र बसवून पाहिलं. ११२८, वजा तीन कोपऱ्यांचे २६, आणि हुकांना मध्यरेषेपासून ३.३९ डी अधिक ६५. उत्तर १२८६ च आलं. २ डी कुठून आलं ते आता कळलं, पण जुन्या शीटमधल्या सहा बीमांच्या रिंगा ११९२ प्रमाणे कापून ठेवलेल्या आहेत. त्या लहान बीमला वळवता येतील का, ते शोधतोय. २०० × ४०० चा एक बीम आहे, कव्हर २५.

---

मोजपट्टी

तिथे रिंग १५० × ३५०, घेर १०००, अधिक १२६, म्हणजे ११२६. ११९२ चा तुकडा बसतो, ६६ मिमी जास्त. टोकं ९८ ची होतील. हिशोबनीस ताई म्हणाल्या तसं वरच्या सळयांची गर्दी नसेल तर ठेवा, नाहीतर आधी ६६ कापून घ्या. पण अजून वाकवल्या नसतील तरच.

---

रेखांश

दोन बीमांच्या वाकवल्यात. बाकीचे तुकडे सरळ आहेत.